घरकर्जाचे सुरुवातीचे हप्ते व्याजातच का जातात? परतफेडीचा तक्ता काय सांगतो

आपल्या समाजात आज मोठ्या संख्येने कुटुंबे पहिल्यांदाच बँकेचे कर्ज काढून घर घेत आहेत. रमाई आवास योजनेतून ज्यांचे घर झाले त्यांना अनुदान मिळाले, ते परत करायचे नसते. पण नोकरी लागलेली पुढची पिढी यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड अशा शहरांच्या ले-आऊटमध्ये प्लॉट किंवा तयार घर घेते, तेव्हा तिला पंधरा-वीस वर्षांचे घरकर्ज घ्यावे लागते. चार-पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यावर कोणी तरी बँकेतून कर्जखात्याचा उतारा काढतो आणि घरात शांतता पसरते. दहा लाखांच्या वर पैसे भरले, आणि मुद्दल जेमतेम सव्वादोन लाखांनी कमी झाले!

मग दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, "बँकेने फसवले." दुसरी, "बँक आधी आपले व्याज वसूल करून घेते, मुद्दल नंतर घेते. आपले व्याज भरून झाले, आता लवकर कर्ज फेडून काय फायदा?" पहिल्या समजुतीतून मनस्ताप होतो. दुसऱ्या समजुतीतून खरोखर पैशाचे नुकसान होते, कारण तिच्या भरवशावर लोक हातात आलेला पैसा कर्जात न भरता दुसरीकडे खर्च करतात. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ. त्यासाठी बँकेत जायची गरज नाही, आपल्या बचत गटाची वही पुरेशी आहे.

बचत गटाच्या वहीतला हिशेब

गटातून एका ताईंनी दहा हजार रुपये कर्ज घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन, आणि मुद्दल दर महिन्याला एक हजार परत करायचे. पहिल्या महिन्यात दहा हजारांवर २०० रुपये व्याज, म्हणून त्या १,२०० रुपये भरतात. आता नऊ हजार उरले, म्हणून दुसऱ्या महिन्यात व्याज १८० आणि भरणा १,१८०. तिसऱ्या महिन्यात १,१६०. असे उतरत उतरत दहाव्या महिन्यात व्याज फक्त २० रुपये येते. दहा महिन्यांत एकूण व्याज १,१०० रुपये.

गटातल्या कोणत्याही ताईंना विचारा, व्याज आधी जास्त आणि नंतर कमी का, तर त्या लगेच सांगतील की जेवढे पैसे आपल्याकडे उरले तेवढ्यावरच व्याज. सुरुवातीला गटाचे जास्त पैसे आपल्याकडे असतात म्हणून व्याज जास्त.

घरकर्जाचा नियमही हाच आहे. एका महिन्याचे व्याज त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावरच लागते. बँक पुढच्या महिन्यांचे व्याज आधी घेत नाही आणि मागच्या महिन्याचे बाकी ठेवत नाही. फरक एवढाच की गटात भरणा दर महिन्याला कमी होत जातो, तर बँकेचा हप्ता शेवटपर्यंत सारखा राहतो. हप्ता सारखा ठेवण्याची जी किंमत आहे, ती परतफेडीच्या तक्त्यात दिसते. बँकेच्या भाषेत त्याला अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात.

वीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत

समजा, दारव्हा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेने यवतमाळ शहराजवळ घर घेतले आणि त्यासाठी २० लाखांचे कर्ज काढले. व्याजदर वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षे, म्हणजे २४० हप्ते. हप्ता येतो १७,९९५ रुपये.

वर्षाला ९ टक्के म्हणजे आपल्या भाषेत महिन्याला शेकडा पाऊण रुपया. २० लाखांवर शेकडा पाऊण रुपयाने पहिल्या महिन्याचे व्याज होते १५,००० रुपये. हप्त्यातून ते वजा केले की उरतात २,९९५ रुपये, आणि तेवढेच मुद्दल फिटते. दुसऱ्या महिन्यात शिल्लक १९,९७,००५ रुपये. त्यावर व्याज १४,९७८, म्हणजे आधीपेक्षा २२ रुपयांनी कमी. हप्ता तोच असल्यामुळे ते २२ रुपये मुद्दलाकडे वळतात आणि मुद्दल ३,०१७ रुपयांनी कमी होते. पूर्ण तक्ता याच एका कृतीने तयार होतो. ती २४० वेळा करायची. त्यातल्या काही ओळी अशा:

| हप्ता क्रमांक | व्याज (रु.) | मुद्दल (रु.) | हप्त्यानंतर शिल्लक (रु.) |
|---|---|---|---|
| १ | १५,००० | २,९९५ | १९,९७,००५ |
| २ | १४,९७८ | ३,०१७ | १९,९३,९८८ |
| १२ | १४,७४३ | ३,२५२ | १९,६२,५४० |
| ६० | १३,३४१ | ४,६५४ | १७,७४,१०५ |
| १२० | १०,७०८ | ७,२८७ | १४,२०,४२५ |
| १४९ | ८,९४५ | ९,०५० | ११,८३,५७२ |

हा तक्ता वाचताना शेवटचा रकाना आधी वाचावा. पहिल्या वर्षात मॅडमनी २,१५,९४० रुपये भरले, त्यातले १,७८,४८० व्याजात गेले. पाच वर्षांत १०,७९,७०० भरले, आणि मुद्दल कमी झाले २,२५,८९५ रुपयांनी. दहा वर्षांनी भरणा २१,५९,४०० रुपये झाला, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त, तरी १४ लाखांच्या वर बाकी आहे. निम्मे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात. उरलेले निम्मे शेवटच्या सहा वर्षांत फिटते आणि अगदी शेवटच्या हप्त्यात व्याज सुमारे १३० रुपये उरते.

हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा पहिल्यांदा जास्त होतो तो १४९ व्या हप्त्याला. म्हणजे पहिली बारा वर्षे चार महिने हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. हे आकडे पाहून राग येणे स्वाभाविक आहे. पण कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि तपासून पाहा. मागच्या ओळीतल्या शिल्लक रकमेवर शेकडा पाऊण रुपया, याहून एक रुपयाही जास्त व्याज लावलेले दिसणार नाही.

मग हप्ता व्याजाने भरून जातो कशामुळे?

पहिल्या महिन्याचे व्याज १५,००० आहे, कारण कर्ज २० लाखांचे आणि दर ९ टक्के. मुदत ७ वर्षे असो की ३० वर्षे, हे १५,००० बदलत नाहीत. मुदतीनुसार बदलतो तो हप्ता.

हेच कर्ज ७ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता येतो ३२,१७८ रुपये. त्यातून १५,००० व्याज गेल्यावर मुद्दलाला १७,१७८ मिळतात. म्हणजे या कर्जात पहिल्याच हप्त्यापासून मुद्दलाचा वाटा मोठा आहे! बँक तीच, दर तोच, नियम तोच. बँक जर खरोखर आधी व्याज आणि मग मुद्दल घेत असती, तर हे घडले नसते.

आता उलट दिशेने जाऊ. मुदत २० वर्षांऐवजी ३० वर्षे केली तर हप्ता १६,०९२ रुपये होतो. हप्ता १,९०० रुपयांनी हलका झाला म्हणून बरे वाटते, पण पहिल्या महिन्यात मुद्दल फिटते फक्त १,०९२ रुपये. २० वर्षांच्या कर्जात एकूण व्याज सुमारे २३ लाख १९ हजार होते, ते ३० वर्षांच्या कर्जात सुमारे ३७ लाख ९३ हजार होते. मुदत कितीही वाढवली तरी हप्ता १५,००० च्या खाली येऊ शकत नाही, कारण तेवढे तर व्याजच आहे. म्हणून एका मर्यादेनंतर मुदत वाढवून हप्ता फारसा घटत नाही, फक्त मुद्दल फिटणे लांबते.

गटासारखी पद्धत घरकर्जाला लावली तर काय होईल? दर महिन्याला मुद्दल सारखे, ८,३३३ रुपये, आणि त्यावर शिल्लकेचे व्याज. पहिला भरणा २३,३३३ रुपये, पुढे दर महिन्याला साठ-बासष्ट रुपयांनी कमी. एकूण व्याज सुमारे १८ लाख ७ हजार, म्हणजे पाच लाखांहून अधिक वाचतात. पण नोकरीच्या सुरुवातीला, पगार कमी आणि मुले लहान असताना, २३ हजारांचा भरणा झेपत नाही. सारख्या हप्त्याने आपल्याला सुरुवातीचा तो भार टाळता येतो. त्याच्या बदल्यात बँकेचे मुद्दल आपल्याकडे जास्त काळ राहते आणि तेवढ्या काळाचे व्याज आपण देतो.

तोच पैसा, दोन वेगवेगळ्या वेळी

हे कळल्यावर दुसऱ्या समजुतीकडे वळू: व्याज भरून झाले, आता लवकर फेडून उपयोग नाही. भरलेले व्याज हे गेलेल्या महिन्यांचे होते. पुढच्या महिन्यांचे व्याज अजून लागलेलेच नाही, ते शिल्लक मुद्दलावर लागणार आहे. शिल्लक कमी केली तर ते लागणारच नाही. पाच वर्षांनीही मॅडमचे १७ लाख ७४ हजार बाकी आहेत, म्हणजे पुढे लागू शकणारे व्याज अजून भरपूर आहे.

समजा, थकबाकीचे किंवा पिकाचे ५०,००० रुपये हातात आले आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी ते कर्जात भरले, हप्ता मात्र तोच ठेवला. असे केल्याने शेवटचे साडेचौदा हप्ते भरावेच लागत नाहीत. ५० हजार भरून सुमारे २ लाख ११ हजारांचे व्याज वाचते. तेच ५० हजार पंधरा वर्षांनी भरले तर वाचतात सुमारे २७ हजार. यात जादू नाही. पहिल्या वेळी ५० हजारांवरचे १९ वर्षांचे व्याज थांबले, दुसऱ्या वेळी ५ वर्षांचे.

इथे एक सूचना महत्त्वाची आहे. जादा रक्कम भरल्यावर ती दोन प्रकारे वळती होऊ शकते: मुदत तीच ठेवून हप्ता कमी करणे, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करणे. वर सांगितलेली बचत दुसऱ्या प्रकारात मिळते. म्हणून रक्कम भरताना "हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी" असा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नवा परतफेडीचा तक्ता मागावा. तक्त्यातील हप्त्यांची संख्या कमी झालेली दिसली, तरच काम झाले असे समजावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे.

मात्र ही बचत शेकडा पाऊण रुपयाची आहे, हे विसरू नये. घरात सावकाराचे शेकडा दोन-तीनचे कर्ज किंवा सोनेतारण असेल, तर पैसा आधी तिकडे भरावा. आणि दवाखाना, शिक्षण किंवा नापिकी यासाठी ठेवलेला पैसा कर्जात टाकून पुढच्या महिन्यात सावकाराच्या दारात जावे लागले, तर त्या फेडीला अर्थ नाही. घरकर्जात भरलेला पैसा सहजासहजी परत मिळत नाही.

दर वाढतो तेव्हा

आतापर्यंत आपण दर ९ टक्के कायम धरला. प्रत्यक्षात बहुतेक घरकर्जे बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. घरकर्जांचे दरही त्याबरोबर चढले. अनेक कर्जदारांचा हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून त्यांना वाटले आपल्याला झळ बसली नाही. बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती.

सुरुवातीच्या वर्षांत हे किती जड जाते, ते पाहा. २० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले असेल तर हप्ता १५,५०६ रुपये. एका वर्षाने शिल्लक सुमारे १९ लाख ५२ हजार. आता दर एकदम अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला असे धरू. त्या महिन्याचे व्याज होते १५,४५७ रुपये. हप्त्यातून मुद्दलाला उरतात ४९ रुपये! दर आणखी थोडा वाढला असता तर हप्ता व्याजालाही पुरला नसता, आणि हप्ते भरत असतानाच कर्ज वाढत गेले असते.

हा परिणाम कर्ज नवे असताना सर्वात मोठा असतो. आपल्या ९ टक्क्यांच्या उदाहरणात दर अर्ध्या टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर अगदी सुरुवातीला ही वाढ झाल्यास सुमारे २९ हप्ते वाढतात. पाच वर्षांनी झाल्यास सुमारे १२ हप्ते. राज्य शासनाच्या नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. अडतिसाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज घेतलेल्या व्यक्तीसाठी हे २९ हप्ते पगार थांबल्यावर, पेन्शनमधून किंवा साठवलेल्या पैशातून भरायचे असतात.

याच कारणाने रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँकांना व वित्तसंस्थांना सूचना दिल्या. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. मुदत वाढवल्यामुळे कर्ज उलटे वाढणार नाही, याची काळजी घ्यायची. आणि दर तिमाहीला एक विवरण द्यायचे, ज्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर असेल.

दर खाली येतानाही लक्ष ठेवावे लागते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला. दर उतरला की हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. पण जुना हप्ता झेपत असेल तर तोच चालू ठेवावा. व्याजातून सुटलेला प्रत्येक रुपया मुद्दलाकडे जातो आणि वाढलेली मुदत पुन्हा आत येते.

आपल्या कागदात काय पाहावे

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्याला परतफेडीचा तक्ता जोडलेला असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. म्हणजे सही करण्याआधीच तक्ता मागण्याचा आणि तो मराठीत समजून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. जुने कर्ज असेल तर शाखेत अर्ज करून आजच्या दराचा तक्ता मागावा.

तक्ता हातात आल्यावर साध्या गणिताने तपासता येतो. शिल्लक रकमेला वार्षिक दराने गुणा, शंभराने भागा, आणि बाराने भागा. येणारी रक्कम पुढच्या ओळीतल्या व्याजाशी जुळली पाहिजे. काही बँका व्याज दिवसांवर काढतात, त्यामुळे ३१ दिवसांच्या महिन्यांत काहीशे रुपयांचा फरक दिसेल आणि २८ दिवसांच्या महिन्यात व्याज हजारभर रुपयांनीही कमी दिसू शकते. याहून मोठा फरक दिसला तर तीन कारणे शोधावीत: दर बदलला असेल, एखादा हप्ता उशिरा जमा होऊन दंड लागला असेल, किंवा विम्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असेल. कर्ज घेताना न मागता जोडलेला विमा अनेकदा असाच सापडतो. मंजूर रक्कम आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीवरची रक्कम यांत पंचवीस-तीस हजारांचा फरक असेल तर त्याचा खुलासा लेखी मागावा.

शेवटी एक गोष्ट जरूर करावी. तक्त्यात आपल्या शेवटच्या हप्त्याची तारीख शोधा आणि ती आपल्या निवृत्तीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. शेवटचा हप्ता निवृत्तीच्या पुढे जात असेल, तर त्यावर उपाय करण्याची सर्वात स्वस्त वेळ कर्जाची पहिली काही वर्षे हीच असते. तेव्हा हप्ता हजार-दीड हजाराने वाढवला तरी तो सगळा पैसा मुद्दलात जातो.